शोकाचा रंग: ‘देश – रंग – अर्थ’ असा तक्ता करता येतो का?

शब्दाली

नमस्कार. एका संस्थेसाठी मार्गदर्शक पान तयार करते आहे. तिथे बऱ्याच देशांतले लोक काम करतात. कोणाच्या घरी मृत्यू झाला तर जाणारं पत्र, पैशांचं पाकीट, फुलं आणि अंत्यविधीला जाणाऱ्यांचा पोशाख, या चार गोष्टींत रंग कोणता असावा आणि कोणता टाळावा, एवढंच त्यात सांगायचं आहे. जालावर सापडणाऱ्या तक्त्यांवरून कच्चा मसुदा असा झाला:

चीन, जपान, कोरिया: पांढरा (पावित्र्य, पुनर्जन्म)
युरोप, अमेरिका: काळा (अंधार, शेवट)
दक्षिण आफ्रिका, घाना: लाल (रक्त)
इजिप्त: पिवळा (सोनं, अमरत्व)
थायलंड: जांभळा (विधवांचा रंग)

वीसेक तक्ते पाहिले, सगळ्यांत थोड्याफार फरकाने हेच आहे. तरी कुठेतरी खटकतंय. जाणकारांनी कृपया तपासून द्यावं.

कोरेकापड

वीस तक्ते जुळतात ते एकमेकांवरून उतरवलेले असतात म्हणून. तो पुरावा धरू नका.

चीनपासून सुरुवात करतो. ‘चीन: पांढरा’ ही ओळ चुकीची नाही, पण तिच्यातून मुख्य गोष्टच निसटते. जुन्या चिनी शोकवस्त्रांच्या पाच पायऱ्या होत्या आणि त्या रंगाने ओळखल्या जात नव्हत्या, कापडाच्या पोताने ओळखल्या जात होत्या. सगळ्यात वरची पायरी म्हणजे वडिलांसाठी मुलाने घालायचं वस्त्र. ते हेंपच्या, म्हणजे भांगेच्या झाडाच्या धाग्यांच्या, सगळ्यात जाड्याभरड्या कापडाचं असायचं आणि त्याच्या कडा कापून तशाच सोडायच्या, दुमडून शिवायच्या नाहीत. दुसऱ्या पायरीत कापड जाडंच, पण कडा शिवलेल्या. त्याखालच्या तीन पायऱ्यांत नातं जितकं लांबचं, तितकं कापड बारीक आणि धुतलेलं, आणि मुदत नऊ महिने, पाच महिने, तीन महिने अशी उतरत जाते. पहिल्या पायरीची मुदत ‘तीन वर्षं’ म्हणतात, पण ती तिसऱ्या वर्षात पाऊल पडलं की मोजली जाते, त्यामुळे प्रत्यक्षात पंचवीस किंवा सत्तावीस महिने.

म्हणजे अंत्ययात्रेत उभ्या असलेल्या माणसाचं मृताशी नातं काय, हे लांबून कळायचं ते कापडाचा खरखरीतपणा आणि कडा बघून. रंग सगळ्यांचा साधारण एकच, कोऱ्या हेंपचा. तो शुभ्र नसतो, मळकट पिवळसर असतो. दुःखात माणूस सजत नाही, रंगवलेलं आणि खळ दिलेलं कापड अंगावर घेत नाही, हा त्यामागचा विचार. तो रंग मुद्दाम निवडलेला नाही, रंगवणं टाळल्यावर जे उरतं ते आहे. तक्त्यातला ‘पावित्र्य, पुनर्जन्म’ हा कंस या प्रथेला कुठेच लागू पडत नाही.

व्यवहारातला परिणाम: कोणी ‘चिनी शोकाचा रंग’ म्हणून चकचकीत पांढरं साटीनचं पाकीट किंवा मोत्याची झाक असलेला कागद निवडला, तर रंग बरोबर येऊनही चूक होईल. साधा, मॅट, नक्षी नसलेला कागद हवा.

मनीष_रंगचिकित्सा

कोरेकापड यांची माहिती छान आहे, पण मला वाटतं आपण तपशिलात अडकून मूळ हरवतो आहोत. रंगांचे मूळ अर्थ सार्वत्रिकच आहेत. बर्लिन आणि के या दोन संशोधकांनी १९६९ मध्ये दाखवून दिलं की जगातल्या सगळ्या भाषांत आधी काळा-पांढरा येतो आणि मग लाल. लाल तिसरा का येतो? कारण रक्त. म्हणून लाल म्हणजे जीव, धोका, मृत्यू. मानवशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर यांनी झांबियातल्या एन्डेम्बू लोकांत हेच मांडलं: पांढरा म्हणजे दूध, लाल म्हणजे रक्त, काळा म्हणजे मळ आणि कुजणं. त्यामुळे घानात लाल शोकाचा असणं अगदी स्वाभाविक आहे. तक्त्यातला अर्थाचा स्तंभ काढू नये असं माझं मत.

रेवती म.

मनीष, दोन्ही नावं योग्य घेतलीत, पण त्यांच्याकडून तुम्ही काढता तो निष्कर्ष निघत नाही.

बर्लिन आणि के यांचा अभ्यास रंगांच्या नावांचा आहे. एखाद्या भाषेत रंगांना दोनच मूळ नावं असतील तर ती कशी विभागलेली असतात, तिसरं आलं तर ते बहुधा कोणत्या रंगाला मिळतं, एवढंच त्यात आहे. लाल रंगाला नाव लवकर मिळतं म्हणून त्याचा अर्थ सगळीकडे एकच, असा दावा त्यात नाही. पुढे त्या क्रमातही बऱ्याच दुरुस्त्या झाल्या.

टर्नर यांचं तर उलटच म्हणता येईल. त्यांच्याच मांडणीत एन्डेम्बूंचा लाल एक नाही. बाळंतपणाचं रक्त, शिकारीचं रक्त, खुनाचं रक्त हे सगळे लालच, आणि त्यातले काही शुभ तर काही घातक. कोणता अर्थ धरायचा ते विधी ठरवतो. शरीरातून येणारे अनुभव सगळ्या माणसांना सारखे असतात, इथपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे. पण त्यातला कोणता अनुभव कोणत्या प्रसंगाला जोडायचा, हे प्रत्येक समाज वेगळं ठरवतो. तक्त्याला नेमकं हेच लागतं आणि तेच त्या सार्वत्रिक अर्थातून कळत नाही.

आता घाना. तिथे अकान लोकांत, विशेषतः असांतेंमध्ये, शोकाचे रंग बरेच आहेत आणि त्यांत क्रम आहे. लाल कापडाला कोबेने म्हणतात, ते जवळच्या नात्यातल्यांनी घालायचं. झाडाच्या सालीपासून काढलेल्या रंगातलं गडद तपकिरी कापड म्हणजे कुन्तुनकुनी. निळसर काळं ते बिरिसी. शनिवारी दफन झालं की पाहुणे बहुतेक काळ्यात किंवा काळ्या-लालात दिसतात. रविवारी चर्चमध्ये आभाराची प्रार्थना असते तेव्हा तीच माणसं पांढऱ्यात किंवा काळ्या-पांढऱ्यात येतात. मृत व्यक्ती खूप म्हातारी होऊन, भरल्या घरातून गेली असेल तर आधीपासूनच पांढरा जास्त दिसतो, कारण ते समाधानाचं जाणं मानतात.

तक्त्यात ‘घाना: लाल’ वाचून सहकारी शनिवारी नखशिखांत लाल कपड्यांत गेला, तर तो रंग चुकवत नाही, नातं चुकवतो. तो मृताच्या सख्ख्या भावासारखा उभा राहतो. पाहुण्यासाठी काळा कधीही बरोबर. आणि घाना म्हणजे फक्त अकान नव्हे. उत्तरेकडच्या मुस्लिम कुटुंबात हे काहीच लागू होत नाही.

सागर_वि

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझ्या कोरियन सहकाऱ्याचे वडील गेले आहेत आणि उद्या संध्याकाळी तिथे जायचं आहे. वरचं वाचून कळलं की तिकडे पांढरा चालतो. पांढरा सदरा आणि पांढरी पँट ठीक राहील ना? आणि पाकीट लाल चालेल का, घरात आहे एक.

रेवती म.

सागर, नाही. दोन्ही बदला.

काळा किंवा अगदी गडद सूट, पांढरा सदरा, काळा टाय, काळे मोजे. मोज्यांकडे दुर्लक्ष करू नका, कारण आत बूट काढावे लागतात. पांढरं किंवा कोऱ्या हेंपचं वस्त्र कोरियात घरच्या माणसांचं. आता त्यांतले पुरुषही बहुतेक काळ्या सुटात असतात आणि दंडावर हेंपची पट्टी बांधतात. पट्टीवरच्या रेघांवरून नातं कळतं. बायका काळा किंवा पांढरा हानबोक, म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख, घालतात. तुम्ही पूर्ण पांढऱ्यात गेलात तर घरचे बोलणार नाहीत, पण लोक तुम्हाला कुटुंबातलं समजतील.

लाल पाकीट अजिबात नको. साधं पांढरं पाकीट, आतल्या पैशांसकट, तिथे दाराशी द्यायचं आणि वहीत नाव लिहायचं. मृताच्या तसबिरीसमोर पूर्ण वाकून दोनदा नमस्कार, मग घरच्यांसमोर एकदा. धर्मामुळे कोणी वाकत नसेल तर हात जोडून किंवा मान खाली घालून क्षणभर उभं राहिलेलं चालतं. कुटुंब ख्रिस्ती असेल तर विधी वेगळा असू शकतो. आधी सहकाऱ्याच्या एखाद्या मित्राला विचारून घ्या.

सागर_वि

खूप आभार. काळा सूट आहे. पाकीट आणतो.

दप्तरी

‘युरोप: काळा’ या ओळीबद्दल लिहितो, कारण ती सगळ्यांना इतकी उघड वाटते की कोणी तपासतच नाही.

फ्रान्सच्या राजघराण्यात विधवा राणीचा शोक पांढऱ्यात असायचा. चित्रकार फ्रांस्वा क्लुए याने काढलेलं, फ्रान्सची राणी झालेल्या मेरी स्टुअर्टचं चित्र प्रसिद्ध आहे. ते साधारण १५६० चं. त्यात तिने पांढरी ओढणी घेतली आहे, हनुवटीखालून छातीपर्यंत चुण्यांचं पातळ पांढरं कापड आहे. सासरा १५५९ मध्ये गेला, आई आणि नवरा दोघंही १५६० मध्ये. वर्ष-दीड वर्षात तीन मृत्यू. चित्र माहीत नसलेल्या माणसाला ती नववधू वाटते. त्याच दरबारात त्याआधी, १४९८ मध्ये राजा आठवा चार्ल्स वारल्यावर त्याची राणी अॅन ऑफ ब्रिटनी हिने काळा घातला होता. म्हणजे दोन्ही रंग शेजारी शेजारी नांदत होते.

मग काळा जिंकला कसा? एक कारण दरबारी फॅशनचं. बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने १४१९ मध्ये वडिलांचा खून झाल्यावर काळा धरला आणि पुढे तो काळ्यातच राहिला. बर्गंडीकडून तो थाट स्पेनच्या दरबारात गेला. दुसरं कारण रंगाऱ्याच्या हौदातलं. चांगला, खोल काळा रंग तेव्हा महाग होता. मायफळ आणि हिराकस वापरून काळा स्वस्तात निघतो, पण त्यातलं लोखंड आणि आम्ल हळूहळू धागा खातं. काही वर्षांत कापड तपकिरी पडतं आणि ठिसूळ होऊन फाटतं. टिकाऊ काळ्यासाठी आधी निळीत गडद बुडवून काढायचं, मग त्यावर मंजिष्ठेचा लाल चढवायचा, म्हणजे दुप्पट रंग आणि दुप्पट मजुरी. असा काळा अंगावर घालणं म्हणजे श्रीमंती. त्यामुळे दरबारी काळ्यात दुःख आणि प्रतिष्ठा इतकी मिसळलेली आहे की ‘काळा = अंधार’ असं म्हटल्याने काहीच उलगडत नाही.

नवरा गेल्यावर काळ्यातच राहिलेल्या व्हिक्टोरिया राणीमुळे १८६१ नंतर विधवांचा काळा इंग्लंडमध्ये घट्ट बसला. पण तिथेही पायऱ्या होत्या. पहिलं वर्ष आणि एक दिवस निस्तेज, चमक नसलेल्या क्रेपने मढवलेला काळा. मग क्रेप कमी. मग साधा काळा, त्यात थोडी चमक चाले. शेवटचे सहा महिने करडा, फिकट जांभळा, पांढरा. सगळं मिळून अडीच वर्षं. चिनी पायऱ्यांत आणि यात साम्य आहे ते हे की दोन्हीकडे पोत आणि चमक बोलते, रंग नंतर.

मनीष_रंगचिकित्सा

हे इतिहासाचं झालं. आज युरोपात कोणी शोकात पांढरा घालत नाही. मग तक्त्यात ‘काळा’ लिहायला हरकत काय?

दप्तरी

‘पाहुण्यांसाठी गडद कपडे सुरक्षित’ असं लिहायला काहीच हरकत नाही. ‘पांढरा शोकाचा नाही’ असं लिहायला आहे. लहान मुलांच्या अंत्यविधीत पांढरी शवपेटी आणि पांढरी फुलं व्हिक्टोरियन काळात होती, आजही असतात. खुद्द व्हिक्टोरियाने स्वतःच्या अंत्यविधीत काळा नको, पांढरा हवा असं सांगून ठेवलं होतं. १९०१ मध्ये तिला पांढऱ्या वस्त्रात, लग्नातली ओढणी घालून शवपेटीत ठेवलं.

आणि १९३८ चं एक उदाहरण इथे फार उपयोगी आहे. इंग्लंडच्या राणीची, म्हणजे सहाव्या जॉर्जच्या पत्नीची, आई जून अखेरीस वारली आणि फ्रान्सचा ठरलेला राजकीय दौरा जुलैवर गेला. कपडे रंगीत शिवून तयार होते. काळ्यात जाणं दौऱ्याच्या उद्देशाला मारक. शिंपी नॉर्मन हार्टनेल याने राजघराण्याच्या शोकात पांढरा चालतो या जुन्या आधारावर सगळे पोशाख पांढऱ्यात पुन्हा करून दिले. पॅरिसकरांनी ते फॅशन म्हणून डोक्यावर घेतले. एकाच कपड्यात घालणारीसाठी शोक आणि बघणाऱ्यासाठी उन्हाळी थाट. रंगाला अर्थ चिकटलेला असता तर हे शक्य झालं नसतं.

निरंजना

जपानबद्दल भर घालते, कारण चीनबरोबर एका ओळीत त्याला कोंबलंय.

जपानमध्ये शोकाचा पोशाख पूर्वी बराचसा पांढरा होता. मेजी काळात, म्हणजे १८६८ ते १९१२ दरम्यान, दरबाराने आणि सरकारने पाश्चात्त्य औपचारिक पोशाख स्वीकारला तसा काळा आला. १९१२ मध्ये सम्राट मेजी यांच्या अंत्यविधीपर्यंत तो राजधानीत रुळला होता, आणि विसाव्या शतकात सगळीकडे पसरला. आज अंत्यविधीला काळाच. पण मृताच्या अंगावर पांढरं वस्त्र असतं आणि त्याचा उजवा पदर वर घेतात, जिवंत माणसाच्या उलट. पारंपरिक नववधूही नखशिखांत पांढऱ्यात असते. वधू आणि मृत दोघं पांढऱ्यात म्हणून ‘ती माहेरासाठी मेली’ असं स्पष्टीकरण वारंवार वाचायला मिळतं. ऐकायला छान वाटतं, पण रंग सारखा म्हणून अर्थही सारखा असं धरून मागाहून जोडलेली ती गोष्ट असू शकते. शिंतो विधींत पुरोहितही पांढऱ्यात असतात. त्यांच्याबद्दल कोणी असं म्हणत नाही.

शब्दाली, तुमच्या कामाची बाब पाकिटाची आहे. पाकिटावर बांधलेल्या कागदी दोऱ्यांचा रंग बघायचा. लाल-पांढरा दोरा शुभप्रसंगाचा. काळा-पांढरा किंवा रुपेरी दोरा शोकाचा. पण ओसाका-क्योतोच्या पट्ट्यात श्राद्धासारख्या नंतरच्या विधींना पिवळा-पांढरा दोरा वापरतात. टोक्योत घेतलेलं काळं-पांढरं पाकीट तिथे वर्षश्राद्धाला नेलं तर अपमान होत नाही, पण परका माणूस कळतो. एकाच देशात, काही तासांच्या अंतरावर एवढा फरक पडतो.

शब्दाली

हे सगळं सोन्यासारखं आहे. दक्षिण आफ्रिका, इजिप्त, थायलंड राहिले.

रेवती म.

दक्षिण आफ्रिका: ‘लाल’ ही नोंद सरळ काढून टाका. त्या देशात बाराएक अधिकृत भाषा आहेत, शोकाच्या चाली त्याहून जास्त. झुलू आणि खोसा कुटुंबांत विधवेचा शोकपोशाख बहुधा काळा. तो साधारण वर्षभर घालतात आणि मुदत संपल्यावर विधी करून उतरवतात, कुठे जाळतात. काही घरांत, काही चर्चच्या अनुयायांत वेगळे रंग आहेत. लाल माती खोसा लोक पूर्वी अंगाला आणि पांघरुणाला रोजच लावत, शोकात नव्हे. एका देशाला एक रंग देण्याची पद्धत इथे पार कोसळते.

इजिप्त: आज ग्रामीण इजिप्तमध्ये आणि शहरांतही शोकातल्या बायका काळ्यात दिसतात. ‘पिवळा’ प्राचीन इजिप्तच्या नावाने चालतो. थीब्जजवळच्या रामोसे याच्या थडग्यात शोक करणाऱ्या बायकांचा प्रसिद्ध चित्रपट्ट आहे. त्यांची वस्त्रं फिकट, पांढरट-करडी आहेत, पिवळी नाहीत. सोन्याचा संबंध देवांच्या देहाशी होता हे खरं. त्यावरून कोणीतरी ‘पिवळा म्हणजे मृत्यू’ अशी उडी मारली असावी.

कोरेकापड

थायलंडसाठी २०१६ पाहणं पुरेसं आहे. राजे भूमिबोल १३ ऑक्टोबरला वारले. सरकारी कर्मचाऱ्यांना वर्षभर काळा पोशाख सांगितला गेला. काही दिवसांत बाजारातले काळे कपडे संपले. मग लोकांनी मोठ्या पातेल्यांत रंग उकळून जुने कपडे काळे करून घेतले, आणि ज्यांना शक्य नव्हतं त्यांना काळी फीत लावायला सांगितलं. पांढराही चालत होता. दहन २६ ऑक्टोबर २०१७ ला झालं, तोवर हे चाललं.

जांभळ्याचं मूळ जुन्या नियमात आहे. राजे चुलालोंगकोर्न यांच्या काळात अंत्यविधीतला रंग तुमचं वय आणि नातं बघून ठरे. मृतापेक्षा मोठे असतील त्यांनी काळा, लहानांनी पांढरा, आणि नात्यात नसलेल्यांनी जांभळा किंवा गडद निळा. ‘विधवांचा रंग’ ही त्याची फारच आखडलेली आवृत्ती. आजचा जांभळा मात्र वेगळाच आहे. थायलंडमध्ये वारांना रंग आहेत आणि शनिवारचा रंग जांभळा. राजकन्या सिरिन्धोर्न शनिवारी जन्मल्या, म्हणून त्यांच्या सन्मानार्थ लोक आनंदाने जांभळा घालतात. भूमिबोल सोमवारचे, त्यांचा पिवळा. तक्ता वाचून थायलंडच्या पत्राला कोणी जांभळी किनार लावली, तर वाचणाऱ्याला शोकाआधी राजकन्येचा वाढदिवस आठवेल.

निरंजना

कोरेकापड, एका बाबतीत मला तुमच्याशी वाद घालायचा आहे. चिनी पांढऱ्याला तुम्ही फक्त ‘न रंगवलेलं कापड’ म्हणता. पण पंचतत्त्वांच्या मांडणीत पांढरा म्हणजे पश्चिम, धातू, शरद, म्हणजे उतरणीचा काळ. हा संबंध प्राचीन आहे. तो पूर्ण बाजूला कसा ठेवता येईल?

कोरेकापड

बाजूला ठेवत नाही. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. शोकवस्त्रांचे नियम सांगणारे जुने ग्रंथ धाग्याची जाडी, शिवण, पट्टा, काठी, चपला यांवर पानंच्या पानं लिहितात. रंगाच्या प्रतीकावर जवळपास काहीच नाही. आणि कन्फ्यूशियसच्या वचनसंग्रहाच्या दहाव्या भागात, तो काळा मेंढीच्या कातडीचा अंगरखा आणि काळी टोपी घालून सांत्वनाला जात नसे असं आहे. काळा तेव्हा समारंभाचा रंग होता. म्हणून थाट उतरवणं हा मूळ विचार, आणि दिशांचं शास्त्र त्यावर नंतर बसलं, असं मला वाटतं.

निरंजना

‘नंतर बसलं’ हे सिद्ध झालं असं मी मानत नाही. दोन्ही एकमेकांना बळ देत वाढले असतील. पण तक्त्यासाठी त्याने फरक पडत नाही, इतकं मान्य.

मनीष_रंगचिकित्सा

लाल शुभ, पांढरा अशुभ, निदान चीनपुरतं तरी हे पक्कं धरता येईल ना?

निरंजना

पाहुण्याने लाल टाळावा, हे पक्कं. घरच्यांचं तसं नाही. मृत व्यक्ती खूप वृद्ध असेल, चार पिढ्या पाहिल्या असतील, तर तो मृत्यू जवळपास मंगल मानतात. फुजियान-तैवानकडे पणतवंडांच्या शोकवस्त्रावर लाल असतो, काही ठिकाणी पूर्ण लाल. तैवानमध्ये ऐंशीच्या पुढच्या व्यक्तीचं निधनपत्र गुलाबी कागदावर छापतात. असं पत्र आलं की ‘छपाईत चूक झाली’ किंवा ‘लग्नपत्रिका आहे’ असं समजून अभिनंदन पाठवल्याचे घोटाळे होऊ शकतात. आणि वधू आज बहुतेक शहरांत एकाच दिवशी पांढरा गाउन आणि लाल पोशाख दोन्ही घालते, म्हणून पांढरा अशुभ हेही सरसकट नाही.

शब्दाली

सगळ्यांचे मनापासून आभार. आता देशांचा स्तंभच काढते आहे. त्याऐवजी आधी प्रश्न: कुटुंब कोणत्या समाजातलं आणि धर्माचं, पाहुणा की नातलग, दफन-दहनाचा दिवस की नंतरचा विधी, मृताचं वय काय. अर्थाचा स्तंभ पूर्ण काढला. मग खाली प्रसंगांच्या ओळी. नमुन्याच्या तीन देते, बघा:

कोरियन कुटुंब, पाहुणा, अंत्यविधी: काळा सूट, काळे मोजे, साधं पांढरं पाकीट. पूर्ण पांढरा पोशाख टाळा.
असांते कुटुंब, पाहुणा, शनिवार: काळा. पूर्ण लाल टाळा. रविवारी पांढरा किंवा काळा-पांढरा.
चिनी कुटुंब, पत्र: पांढरा मॅट कागद, काळी शाई. लाल आणि सोनेरी टाळा. पाकीट पांढरं.

रेवती म.

असांतेच्या ओळीत ‘रविवारी’च्या पुढे ‘निमंत्रणात रंग दिलेला असेल तर तोच’ असं लिहा. तिथे निमंत्रणपत्रांवर, भिंतीवरच्या फलकांवर कोणत्या दिवशी कोणता रंग ते बऱ्याचदा छापलेलं असतं. ते मिळालं की आपला तक्ता बाजूला ठेवायचा.

निरंजना

चिनी ओळीत ‘पत्र गुलाबी कागदावर आलं असलं तरी उत्तर साध्या पांढऱ्यावरच’ ही जोड द्या. गुलाबी कागद वापरायचा हक्क घरच्यांचा आहे. आणि पाकिटातली रक्कम विषम आकड्यात ठेवायला सांगा. सम आकडे लग्नाच्या आहेराचे.

शब्दाली

दोन्ही जोडते. जपानची ओळ दोन भागांत करते, टोक्यो आणि क्योतो-ओसाका, आणि पिवळ्या-पांढऱ्या दोऱ्याचा फोटो लावते. क्योतोत पहिल्या अंत्यविधीलाच पिवळा दोरा नेतात असंही कुठे वाचलं. ते खरं का?

निरंजना

काही घरांत नेतात, काहींत नाही. तिथल्या पाकीट विकणाऱ्याला प्रसंग सांगायचा आणि तो देईल ते घ्यायचं. पानावर तेवढंच लिहा.